पिंग जातो, डेटा अडतो

स्टोरेजच्या नेटवर्कमधला एक जुना स्विच काढून नवा बसवला आहे. केबल जागच्या जागी आहेत, पोर्टचे दिवे हिरवे आहेत. लिनक्स सर्व्हरवरून स्टोरेजला पिंग केला तर मिलिसेकंदाच्या आत उत्तर येते आणि एकही पॅकेट हरवत नाही. आयस्कझीचे लॉगिन होते, डिस्क दिसते, तिचा आकारही बरोबर दिसतो. पण ती माउंट करायला गेले की कमांड तिथेच थांबते. दहा-बारा सेकंदांनी लॉगमध्ये कनेक्शन तुटल्याची ओळ येते, मग पुन्हा लॉगिन होते, आणि पुन्हा तेच.

अशा वेळी नेटवर्क सांभाळणारे पिंग दाखवतात आणि म्हणतात, नेटवर्क ठीक आहे. स्टोरेज सांभाळणारे आपल्या बॉक्सवरची सगळी हिरवी चिन्हे दाखवतात. दोघेही खरे बोलत असतात आणि त्यातच रात्र निघून जाते. बिघाड असतो तो वाटेतल्या एका पोर्टवरच्या एका आकड्यात. तो आकडा म्हणजे एमटीयू. तो चुकला की नेमके काय होते, छोटी पॅकेट का जातात, मोठी का मरतात आणि मेल्याची खबर कोणालाच का मिळत नाही, हे एकदा पायरी-पायरीने पाहिले तर पुढच्या वेळी हा शोध पाच मिनिटांत संपतो.

इथरनेटच्या एका फ्रेममधून जास्तीत जास्त किती बाइटचे आयपी पॅकेट न्यायचे, ती मर्यादा म्हणजे एमटीयू. साध्या इथरनेटमध्ये ती १५०० आहे. त्या पॅकेटभोवती इथरनेटचे स्वतःचे १४ बाइटचे हेडर आणि शेवटी ४ बाइटचा चेकसम असतो, म्हणून पूर्ण फ्रेम १५१८ बाइटची होते; व्हीलॅनचा टॅग लागला तर १५२२. जम्बो फ्रेम म्हणजे हीच मर्यादा वाढवून साधारण ९००० करायची. १९९०च्या दशकाच्या अखेरीस गिगाबिट इथरनेट आले, तेव्हा अल्टिऑन या कंपनीने ९००० चा आकडा पुढे आणला आणि तो रूढ झाला. मात्र इथरनेटचे मानक ठरवणाऱ्या आयईईईने जम्बो फ्रेम कधीच मानकात घेतली नाही. त्यामुळे नवा स्विच खोक्यातून बाहेर काढला की तो बहुतेक वेळा १५०० वरच असतो, आणि दोन यंत्रांनी आपसात जम्बोचा आकडा ठरवून घ्यावा अशी सोय इथरनेटच्या पातळीवर नाही. प्रत्येक ठिकाणी माणसाने जाऊन तो लावायचा असतो. एक ठिकाण राहिले की वर सांगितलेला प्रकार सुरू होतो.

आता एक मांडणी घेऊ आणि तीच शेवटपर्यंत धरून ठेवू. `10.20.30.11` हा लिनक्स सर्व्हर आहे, त्याला आपण होस्ट म्हणू. `10.20.30.50` हा लिनक्सवरच चालणारा आयस्कझी स्टोरेज बॉक्स आहे. दोघेही एकाच सबनेटमध्ये, एकाच व्हीलॅनमध्ये आहेत. मध्ये राउटर नाही. होस्ट पहिल्या स्विचला जोडलेला आहे, स्टोरेज दुसऱ्या स्विचला, आणि दोन स्विचमध्ये एक जोडणी आहे. होस्टचा एमटीयू ९०००, स्टोरेजचा ९०००, दोघे ज्या पोर्टला लागलेत ती पोर्टही जम्बोसाठी तयार आहेत. दुसरा स्विच नवा आहे आणि त्याचे पहिल्या स्विचकडे जाणारे पोर्ट १५०० वर राहून गेले आहे. सर्व्हर आणि स्टोरेजची पोर्ट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतात. दोन स्विचमधले पोर्ट विसरले जाते.

या मांडणीत साधा पिंग करून पाहा.

```
$ ping -c 3 10.20.30.50
PING 10.20.30.50 (10.20.30.50) 56(84) bytes of data.
64 bytes from 10.20.30.50: icmp_seq=1 ttl=64 time=0.142 ms
```

पहिल्या ओळीतले दोन आकडे महत्त्वाचे आहेत. पिंगने ५६ बाइटचा मजकूर घेतला, त्याला ८ बाइटचे आयसीएमपी हेडर आणि २० बाइटचे आयपी हेडर लागून एकूण पॅकेट ८४ बाइटचे झाले. म्हणजे १५०० च्या मर्यादेपासून ते कितीतरी लांब आहे. वाटेतले पोर्ट १५०० वर असो की ९००० वर, या पिंगला फरक पडत नाही. वाट अस्तित्वात आहे एवढेच त्याने सिद्ध केले.

आता टीसीपीकडे वळू, कारण आयस्कझी टीसीपीवर चालते. होस्ट स्टोरेजच्या ३२६० क्रमांकाच्या पोर्टवर कनेक्शन मागतो, तेव्हा पहिल्याच पॅकेटमध्ये तो सांगतो की मला एका वेळी इतक्या बाइटपर्यंतचा तुकडा पाठवलास तर चालेल. या आकड्याला एमएसएस म्हणतात, आणि तो होस्ट आपल्या स्वतःच्या एमटीयूवरून काढतो: ९००० मधून आयपीचे २० आणि टीसीपीचे २० वजा करून ८९६०. स्टोरेजही स्वतःचे ९००० पाहून ८९६० च सांगतो. लिनक्समध्ये सहसा वेळेचा शिक्काही जोडलेला असतो, त्याचे १२ बाइट गेले की डेटासाठी ८९४८ उरतात. ही बोलणी फक्त दोन टोकांमध्ये होतात. मधल्या स्विचला कोणी विचारत नाही, आणि विचारले तरी त्याला टीसीपी कळत नाही. शिवाय ही बोलणी ज्या पॅकेटमधून होतात ती स्वतः शंभर बाइटच्या आतली असल्यामुळे सुखरूप पोचतात. दोन्ही टोकांची खात्री पटते की ९००० बाइटची वाट मोकळी आहे.

यानंतर लॉगिन होते. त्यातला मजकूर काहीशे बाइटचा, तोही जातो. मग होस्ट डिस्कला विचारतो, तू कोण, तुझी क्षमता किती, तुझ्यावर लिहिता येते का. ही सगळी उत्तरे काही डझन बाइटांत मावतात. म्हणून होस्टच्या लॉगमध्ये डिस्कचे नाव, ब्लॉकची संख्या आणि आकार व्यवस्थित छापले जातात, आणि बघणाऱ्याला वाटते की जोडणी पूर्ण झाली.

पुढची पायरी म्हणजे कर्नल डिस्कवरचा पार्टिशनचा तक्ता वाचायला जातो. त्यासाठी तो ४०९६ बाइट मागतो. मागणी छोटी असते, ती स्टोरेजपर्यंत पोचते. स्टोरेज डेटा काढतो, त्यापुढे आयस्कझीचे ४८ बाइटचे हेडर लावतो आणि ४१४४ बाइट टीसीपीच्या हाती देतो. एमएसएस ८९४८ आहे, म्हणजे हे सगळे एकाच तुकड्यात मावते. तुकडे पाडायचे कारणच नाही. हेडरे धरून ४१९६ बाइटचे पॅकेट निघते, दुसऱ्या स्विचमध्ये शिरते आणि पहिल्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टपाशी येते. त्या पोर्टला १५०० पेक्षा मोठे काही न्यायची परवानगी नाही. स्विच ती फ्रेम टाकून देतो.

तो हे कोणाला कळवतही नाही. इथे राउटर असता तर वेगळे झाले असते. पॅकेट मोठे आहे आणि त्यावर ‘तुकडे करू नका’ अशी खूण आहे असे दिसले, की राउटरने पाठवणाऱ्याला आयसीएमपीचा निरोप धाडायचा असतो: पुढची वाट अमुक बाइटची आहे, छोटे करून पाठव. १९९० च्या आरएफसी ११९१ मध्ये ही पद्धत सांगितली आहे आणि पाठवणारा त्या निरोपावरून आपला आकार कमी करतो. पण आपल्या मांडणीत मध्ये आहेत ते दुसऱ्या स्तरावर काम करणारे स्विच. ते मॅक पत्ता पाहून फ्रेम पुढे ढकलतात; आत कोणाचे पॅकेट आहे, त्यावर कोणती खूण आहे, हे पाहणे त्यांचे काम नाही. तुकडे पाडणेही त्यांना येत नाही. मर्यादेबाहेरची फ्रेम म्हणजे त्यांच्या लेखी खराब फ्रेम. ती टाकायची आणि एका काउंटरमध्ये एक वाढवायचा, इतकेच.

स्टोरेजला पोच येत नाही. साधारण २०० मिलिसेकंद वाट पाहून तो तोच तुकडा पुन्हा पाठवतो, तेवढ्याच आकाराचा. तो पुन्हा त्याच पोर्टवर मरतो. मग ४०० मिलिसेकंद, मग ८००, मग १.६ सेकंद, ३.२ सेकंद; दर वेळी थांबायचा काळ दुप्पट. टीसीपीच्या समजुतीप्रमाणे पॅकेट हरवते ते गर्दीमुळे, आणि गर्दी असेल तर थांबून थांबून पाठवणे शहाणपणाचे. आकारामुळे हरवले असेल अशी शंका त्याला मुळात येत नाही.

तिकडे होस्टवर आयस्कझीचा स्वतःचा पहारा चालू असतो. पाच सेकंद काहीच आले नाही की तो ‘आहेस का’ असा ४८ बाइटचा संदेश पाठवतो आणि उत्तरासाठी आणखी पाच सेकंद थांबतो. हा संदेश स्टोरेजला पोचतो. स्टोरेज उत्तरही तयार करतो, पण ते त्याच टीसीपी कनेक्शनमधून, त्याच रांगेत, अडकलेल्या ४१४४ बाइटांच्या मागे जाऊन उभे राहते. टीसीपी क्रम मोडत नाही. पुढचे पोचल्याशिवाय मागचे होस्टच्या हाती पडणार नाही. दहा सेकंद होतात आणि होस्टच्या लॉगमध्ये हे उमटते:

```
connection1:0: ping timeout of 5 secs expired, recv timeout 5, ...
connection1:0: detected conn error (1022)
```

या ओळीतला पिंग म्हणजे आयस्कझीचा तो ४८ बाइटचा संदेश. आपण टर्मिनलवर करतो त्या पिंगशी त्याचा संबंध नाही. यानंतर होस्ट कनेक्शन तोडतो, नवे जोडतो, लॉगिन करतो, अडलेली वाचनाची मागणी पुन्हा पाठवतो, आणि सगळे चक्र पहिल्यापासून सुरू होते.

याची दुसरी बाजू अधिक फसवी आहे. डिस्कवर काही वाचन-लेखन चालू नसेल, तर ते छोटे संदेश दर पाच सेकंदांनी बिनधोक जात-येत राहतात. सेशन जोडलेले दिसते, देखरेखीचा फलक हिरवा राहतो. बिघाड शनिवारी रात्री झाला आणि सोमवारी सकाळी काम सुरू झाल्यावर कळला, असे यामुळेच घडते. एनएफएसवर चित्र थोडे निराळे असते. तिथे माउंट होते, छोट्या फोल्डरची यादीही दिसते, पण मोठी फाइल उघडली की तो प्रोग्रॅम गोठतो, आणि काही वेळाने लॉगमध्ये ‘सर्व्हर उत्तर देत नाही’ अशी ओळ येते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो मी वरचेवर ऐकतो. अनेकांना वाटते की एका टोकाला ९००० आणि दुसऱ्या टोकाला १५०० असले की हा बिघाड होतो. टीसीपीच्या बाबतीत सहसा तसे होत नाही. होस्ट १५०० वर असेल तर तो कनेक्शन जोडतानाच १४६० चा एमएसएस सांगतो, आणि ९००० वर बसलेला स्टोरेज त्याला त्याहून मोठा तुकडा पाठवत नाही. होस्ट स्वतः तर १५०० पलीकडे जाऊच शकत नाही. दोन्ही दिशांनी काम सुरळीत चालते, फक्त जम्बोचा फायदा मिळत नाही. गाडे अडते ते दोन्ही टोके मोठी आणि मधले काहीतरी छोटे असेल तेव्हा. हे ‘मधले’ म्हणजे दर वेळी तुम्हाला दिसणारा स्विचच असतो असे नाही. व्हर्च्युअल मशीनच्या जगात आतल्या मशीनवर ९००० लावलेले असते आणि खालचा व्हर्च्युअल स्विच १५०० वर राहिलेला असतो.

आता निदान. पिंगच वापरायचा, पण खऱ्या ओझ्यानिशी.

```
$ ping -M do -s 8972 -c 3 10.20.30.50
PING 10.20.30.50 (10.20.30.50) 8972(9000) bytes of data.

--- 10.20.30.50 ping statistics ---
3 packets transmitted, 0 received, 100% packet loss
```

८९७२ हा आकडा कुठून आला? ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा केले. थेट ९००० लिहिले तर पॅकेट ९०२८ चे होते आणि चांगल्या नेटवर्कवरही नापास होते. `-M do` म्हणजे ‘तुकडे करू नका’ ही खूण लावणे. ती लावली नाही आणि दोन्ही टोकांचा स्वतःचा एमटीयू १५०० असला, तर होस्ट हेच पॅकेट सात तुकडे करून पाठवतो, पलीकडे ते जुळवले जातात, उत्तरही तसेच तुकड्यांत येते, पिंग पास होतो आणि तुम्ही चुकीच्या समाधानात राहता. विंडोजवर हीच चाचणी `ping -f -l 8972` अशी होते, आणि ईएसएक्सआयवर `vmkping -d -s 8972`.

ही चाचणी नापास होते तेव्हा ती कशी नापास होते हे नीट वाचावे. `local error: message too long, mtu=1500` असे दिसले तर पॅकेट यंत्राबाहेर पडलेलेच नाही. तुमच्याच इंटरफेसचा एमटीयू छोटा आहे. `Frag needed and DF set (mtu = 1500)` असे आले तर वाटेत राउटर आहे, त्याने प्रामाणिकपणे निरोप दिला आहे, आणि ओळीच्या सुरुवातीला त्याचा पत्ताही छापलेला असतो. आणि वरच्यासारखी नुसती शांतता असेल, छोटा पिंग जातो पण मोठ्याचे काहीच उत्तर नाही, तर कोणीतरी दुसऱ्या स्तरावर फ्रेम टाकून देते आहे. आपल्या मांडणीत ही तिसरी अवस्था आहे.

पुढे आकार कमी-जास्त करत सीमा शोधायची. १४७२ जातो आणि १४७३ अडतो, तर वाटेत नेमका १५०० आहे. पण कधी कधी सीमा वेगळ्याच जागी सापडते, आणि मला यातला सर्वांत शिकवणारा प्रकार तोच वाटतो. समजा ८९७२ अडतो आणि ८९५४ जातो. म्हणजे आयपी पॅकेटची मर्यादा ८९८२ निघाली, ९००० ला १८ कमी. हे १८ म्हणजे इथरनेटचे हेडर आणि चेकसम. कोणीतरी स्विचवर ९००० लावले आहे, पण त्या स्विचच्या लेखी तो आकडा आयपी पॅकेटचा नसून पूर्ण फ्रेमचा आहे. व्हीलॅनचा टॅग मोजला जात असेल तर सीमा आणखी चारने खाली, ८९५० वर सापडते. या अवस्थेत लक्षणेही बदलतात. ४०९६ बाइटचे वाचन सुखाने होते, डिस्क माउंट होते, छोट्या फाइल उघडतात. फक्त मोठी कॉपी सुरू केली, तुकडे ८९४८ पर्यंत भरून निघू लागले, की सगळे ठप्प. अशा वेळी लोक डिस्कवर, कॅशवर, बॅकअपच्या सॉफ्टवेअरवर संशय घेत राहतात. म्हणूनच स्विचवर नेहमी ९२१६ किंवा तो देईल तो कमाल आकडा लावावा आणि होस्ट व स्टोरेजवर ९०००. स्विचची मर्यादा मोठी असल्याने नुकसान काहीच होत नाही.

मोठा पिंग अडला की जाणारी दिशा अडली की येणारी, हे त्यावरून कळत नाही, कारण उत्तरही तेवढेच मोठे असते. ते पाहायला स्टोरेजच्या बाजूला `tcpdump -ni <इंटरफेस> icmp` लावून ठेवा. विनंती पोचताना दिसली आणि उत्तर निघतानाही दिसले, पण होस्टवर ते आले नाही, तर परतीची वाट खराब आहे. मात्र टीसीपीच्या डेटासाठी असा डंप वाचताना सावध राहावे. नेटवर्क कार्ड हल्ली तुकडे पाडण्याचे काम स्वतःकडे घेते, त्यामुळे १५०० च्या वाटेवरसुद्धा पाठवणाऱ्याच्या डंपमध्ये दहा-पंधरा हजार बाइटची पॅकेट दिसू शकतात. तेवढ्यावरून वायरवर जम्बो फ्रेम गेली असा निष्कर्ष काढता येत नाही.

टीसीपीची अवस्था पाहायला `ss` अधिक उपयोगी. तो पाठवणाऱ्या बाजूला चालवावा लागतो. आपले अडलेले काम वाचनाचे आहे, म्हणजे डेटा पाठवणारा स्टोरेज आहे, म्हणून त्याच्यावर, कनेक्शन तुटायच्या आतल्या त्या दहा सेकंदांत:

```
$ ss -tin 'sport = :3260'
ESTAB 0 4192 10.20.30.50:3260 10.20.30.11:41822
  rto:6432 backoff:5 mss:8948 pmtu:9000 cwnd:1 unacked:1 retrans:1/5
```

अनावश्यक भाग गाळून एवढे ठेवले आहे. वाचनाचे ४१४४ आणि त्यामागे अडकलेल्या उत्तराचे ४८ मिळून ४१९२ बाइट पाठवायच्या रांगेत पडून आहेत. पाच वेळा पुन्हा पाठवून झाले, थांबायचा काळ दुप्पट होत साडेसहा सेकंदांजवळ गेला आहे, एका वेळी एकच पॅकेट सोडायची वेळ आली आहे, आणि एवढे होऊनही `mss` ८९४८ आणि `pmtu` ९००० वरच आहे. हा संच दिसला की बाकी शंका ठेवायचे कारण नाही. लेखन अडत असेल तर हेच चित्र होस्टवर दिसेल.

मग स्विचवर जायचे. होस्टपासून स्टोरेजपर्यंतच्या वाटेवरच्या प्रत्येक पोर्टचा एमटीयू वाचायचा आणि मोठ्या फ्रेमचे काउंटर पाहायचे. कुठे त्याला जायंट्स म्हणतात, कुठे ओव्हरसाइज. मोठा पिंग चालू ठेवून जो काउंटर तालात वाढतो, त्याच्या आसपास दोषी पोर्ट आहे. फक्त निव्वळ आकड्यावर जाऊ नये. काही स्विचवर जम्बो फ्रेम व्यवस्थित पुढे गेली तरी ही संख्या वाढते, तेव्हा एमटीयूची नोंदच अंतिम मानावी.

दोन स्विचमध्ये एकाऐवजी दोन वायरी एकत्र बांधलेल्या असतील आणि त्यातली एकच चुकीच्या एमटीयूची असेल, तर ८९७२ चा पिंगही फसवू शकतो. कोणते कनेक्शन कोणत्या वायरीवरून न्यायचे हे स्विच अनेकदा पत्ते आणि टीसीपीच्या पोर्टवरून ठरवतो. पिंगला पोर्ट नसतो, म्हणून दोन पत्त्यांमधला सगळा पिंग एकाच वायरीवरून जात राहतो. ती नेमकी चांगली असली तर चाचणी पास, आणि आयस्कझीचे कनेक्शन दुसरीवर पडले तर काम ठप्प. पुन्हा लॉगिन केल्यावर होस्टचा पोर्ट क्रमांक बदलतो, कनेक्शन चांगल्या वायरीवर जाते आणि सगळे आपोआप बरे झाल्यासारखे वाटते. अशा जोडणीत प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांची नोंद डोळ्यांनी वाचल्याशिवाय निर्वाळा देऊ नये. मल्टिपाथमध्ये दोन वेगळे इंटरफेस असतील तर `ping -I` ने प्रत्येकावरून स्वतंत्र चाचणी घ्यावी.

आपल्या मांडणीत दुरुस्ती दोन ओळींची आहे. अनेक स्विचवर ती अशी दिसते:

```
interface Ethernet1/49
  mtu 9216
```

काही मॉडेलवर एमटीयू पोर्टला न लावता संपूर्ण स्विचला लावावा लागतो, आणि काहींना त्यासाठी पुन्हा सुरू करावे लागते. ते कामाच्या वेळेत करू नये. जोडणीच्या दोन्ही बाजूंना हा आकडा लागला की अडकलेला तुकडा पुढच्या खेपेला पार होतो. टोकांवर काही करावे लागत नाही.

स्विचला हात लावायची परवानगी सकाळपर्यंत मिळणार नसेल, तर रात्रीपुरता होस्ट १५०० वर आणावा:

```
ip link set dev ens2f0 mtu 1500
```

वर पाहिले त्याप्रमाणे एक टोक छोटे केले की पुरते. पण आयस्कझीचे सेशन तोडून पुन्हा जोडायला विसरू नये, कारण स्टोरेजच्या लक्षात अजून जुनाच ८९६० आहे आणि नवा आकडा त्याला नवे कनेक्शन जोडतानाच कळतो. लिनक्समध्ये `net.ipv4.tcp_mtu_probing` नावाची एक सोयही आहे. ती १ केली की काही प्रयत्न फसल्यावर टीसीपी स्वतःहून छोटे तुकडे करून पाहतो. अडलेले काम तिने हलते, पण चुकीचे पोर्ट तसेच राहते आणि स्टोरेज कारणाशिवाय मंद वाटू लागते. स्टोरेजच्या नेटवर्कवर ती कायमची चालू ठेवावी असे मला वाटत नाही.

नव्याने जम्बो लावताना क्रम पाळला तर ही वेळच येत नाही. आधी वाटेतले सगळे स्विच, मग स्टोरेज, शेवटी होस्ट, तेही एकेक. उलट जायचे असेल तर आधी होस्ट खाली आणायचे आणि स्विच शेवटी. झाल्यावर दोन्ही टोकांकडून ८९७२ चा पिंग, आणि मग खरे वाचन:

```
dd if=/dev/sdc of=/dev/null bs=1M count=1000 iflag=direct
```

ही कमांड फक्त वाचते. लेखनाची चाचणी माउंट केलेल्या फाइल सिस्टिमवर एखादी मोठी फाइल लिहून घ्यावी. थेट `/dev/sdc` वर कधीही लिहू नये.

एवढा खटाटोप करण्याइतका फायदा आहे का, हेही हिशेबाने पाहावे. फ्रेमच्या आधीचा इशारा आणि मधली सक्तीची मोकळी जागा धरली तर १५०० चे पॅकेट वायरीवर १५३८ बाइटची जागा घेते आणि त्यात १४६० कामाचे असतात, म्हणजे सुमारे ९५ टक्के. ९००० ला हेच प्रमाण ९९ टक्क्यांवर जाते. वायरीवर चार टक्के मिळाले. फ्रेमची संख्या मात्र सहा पटींनी घटते: १० गिगाबिटची वायर भरून वाहिली तर सेकंदाला आठ लाखांच्या वर फ्रेम होतात, जम्बोमध्ये एक लाख चाळीस हजारांच्या आत. प्रोसेसरवरचा हा भार पूर्वी फार मोठा होता. आता कार्ड स्वतःच बरेचसे काम उचलत असल्याने फरक कमी झाला आहे. वाटेवरचा प्रत्येक पोर्ट आपल्या ताब्यात नसेल, मध्ये भाड्याची लाइन किंवा दुसऱ्या विभागाचे स्विच असतील, तर १५०० वरच राहावे असे माझे मत आहे.

ताबा पूर्ण असेल तर जम्बो वापरावा, पण पहारा त्याच आकाराचा ठेवावा. सेफ या स्टोरेज प्रणालीत हे केलेले आहे. तिथे डिस्क सांभाळणारे घटक एकमेकांना जे जिवंतपणाचे संदेश पाठवतात, ते मुद्दाम भर घालून किमान २००० बाइटचे केले जातात, म्हणजे १५०० चे पोर्ट मध्ये आले की तो संदेशच पोचत नाही आणि बिघाड उघड होतो. आयस्कझी किंवा एनएफएस वापरणाऱ्याने देखरेखीत दोन पिंग शेजारी ठेवावेत, एक ८४ बाइटचा आणि एक ९००० चा, प्रत्येक होस्टच्या प्रत्येक स्टोरेज इंटरफेसवरून, दर काही मिनिटांनी. दोन्ही नापास झाले तर वायर किंवा यंत्र पडले आहे. पहिला पास आणि दुसरा नापास झाला, तर त्या दिवशी कोणत्या स्विचला कोणी हात लावला एवढेच विचारायचे राहते.